शेवटच्या रांगेसाठी अठ्ठावीस

परिषदांमध्ये वक्त्यांच्या स्लाइड तपासायचं काम मी गेली पंधराएक वर्षं करते आहे. सभागृहाच्या बाजूला एक खोली असते. वक्ता आपली फाइल तिथे आणून देतो किंवा आधी मेलने पाठवतो. आम्ही ती उघडून बघतो, फॉन्ट नीट दिसतात का, व्हिडिओ चालतो का, अक्षर मागून वाचता येईल का, आणि मग ती मुख्य सभागृहाच्या संगणकावर चढवतो. खोलीत तीन लॅपटॉप, एक प्रिंटर आणि गार झालेला चहा एवढंच असतं. लोकांना हे काम आहे हेच माहीत नसतं. माझ्या सासूबाई अजून सांगतात की मी लग्नाच्या हॉलमध्ये काहीतरी करते.

अक्षराच्या आकाराबद्दल मी जे काही शिकले ते एका माणसाकडून. मी वर्ध्याकडून पुण्यात डिप्लोमाला आले तेव्हा खोलीचं भाडं निघावं म्हणून कॉलेजच्या मोठ्या सभागृहात प्रोजेक्टर चालवायचं काम धरलं होतं. आमचे काँक्रीटचे प्राध्यापक तिथे नेहमी असत. मी त्यांना सरच म्हणायचे, अजूनही सरच म्हणते. उंच, सडसडीत, आणि कुणाचीही भीडभाड न ठेवणारे. विद्यार्थ्यांनाही ते 'तुम्ही' म्हणत, आणि त्या 'तुम्ही'ची धास्ती वाटे. कुणी पाहुणा वक्ता बारीक अक्षरांची स्लाइड लावून 'मागच्यांना दिसत नसेल, पण' अशी सुरुवात करू लागला की सर उठून उभे राहत आणि शांतपणे विचारत, "दिसत नाही हे आपल्याला माहीत आहे, तर मग लावली कशाला?"

त्यांनी मला हिशोब शिकवला होता. शेवटची रांग पडद्याच्या उंचीच्या साधारण आठपट लांब असते असं धरायचं. मग आपल्या लॅपटॉपपासून त्याच्या पडद्याच्या आठपट लांब उभं राहून स्लाइड वाचायची. लॅपटॉपचा पडदा साडेसतरा सेंटिमीटर उंच असेल तर साधारण एक मीटर चाळीस, म्हणजे साडेचार फूट झाले. तिथून जे वाचता येत नाही ते मागच्या रांगेलाही वाचता येणार नाही. नेहमीच्या आकाराच्या स्लाइडवर इंग्रजी अक्षर चोवीसच्या खाली नको. मराठीला अठ्ठावीस तरी हवेत, कारण मात्रा, वेलांट्या आणि उकारांसाठी वर-खाली जागा जाते आणि मधलं अक्षर तेवढं लहान होतं. लांबून घ आणि ध एकच दिसतात, अनुस्वार उडून जातो, मराठी आकड्यांत एक आणि नऊ यांच्यातला फरक कळत नाही. रेघा एकसारख्या जाड असलेला साधा फॉन्ट घ्यायचा. बारीक रेघांचे नाजूक फॉन्ट पत्रिकेवर शोभतात, पडद्यावर त्यांच्या रेघा उजेडात विरून जातात. हे सगळं मी त्यांचं ऐकून पाठ केलं आणि पुढे त्यावरच पोट भरलं. आमची कंपनी वक्त्यांना सूचनांचा जो मेल पाठवते, त्यातला 'मराठी मजकूर अठ्ठावीसपेक्षा लहान असल्यास फाइल परत केली जाईल' हा नियम मी घातलेला आहे. मुळात तो सरांचा.

म्हणूनच गेल्या हिवाळ्यात जे झालं ते मला इतकं लागलं.

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीवर दोन दिवसांची परिषद होती. सभागृह हजार खुर्च्यांचं, पडदा चार मीटर उंच, शेवटची रांग पडद्यापासून बत्तीस मीटरवर. दुसऱ्या दिवशी सकाळी मराठी सत्र होतं, साइटवरचे सुपरवायझर, छोटे कंत्राटदार, सोसायट्यांचे सेक्रेटरी अशांसाठी. त्यात मुख्य भाषण सरांचं. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण भेगा भरायच्या वेगवेगळ्या द्रव्यांवर त्यांनी बरंच काम केलं होतं आणि वर्षभर पाण्यात ठेवल्यावर कोणाची पकड किती उरते याच्या चाचण्यांचे निकाल ते मांडणार होते. मला आनंद झाला होता. त्यांच्या फाइलला हात लावावा लागणार नाही, हे मी गृहीतच धरलं होतं.

पहिल्या दिवशी सकाळी त्यांची फाइल मेलने आली. फाइल उघडायच्या आधी आम्ही तिच्यातला सगळ्यात लहान आकार शोधणारी एक छोटी तपासणी चालवतो. तिने हिरवी खूण दिली, कुठेही अठ्ठावीसपेक्षा कमी नाही. मी फाइल उघडली आणि पाहतच राहिले. अठरा स्लाइड आणि प्रत्येक स्लाइड वरपासून खालपर्यंत अक्षरांनी भरलेली, पूर्ण वाक्यं, परिच्छेदच्या परिच्छेद. अकराव्या स्लाइडवर बावीस ओळींचा तक्ता. जमिनीवर साडेचार फुटांवर मी चिकटपट्टीची रेघ मारून ठेवलेली असते, तिथे जाऊन उभी राहिले. मला एकही ओळ वाचता आली नाही.

आधी मला वाटलं की तपासणीच चुकली. कधीकधी चौकटीत मजकूर मावला नाही की सॉफ्टवेअर आपणहून अक्षर बारीक करतं, तेव्हा असा घोळ होतो. तसं काही नव्हतं. ओळीवर क्लिक केलं तर आकडा अठ्ठावीसच दाखवत होता. मग मी ओळी मोजल्या. नेहमीच्या स्लाइडची उंची पाचशे चाळीस पॉइंट असते. अठ्ठावीसच्या मराठी ओळीला वरखालची जागा धरून एकोणचाळीस-चाळीस लागतात, म्हणजे फार तर तेरा ओळी बसतील. इथे बावीस होत्या. बावीस बसूच शकत नाहीत.

मग मी पानाचा आकार उघडून पाहिला. तो दुप्पट होता. रुंदी दुप्पट आणि उंचीही दुप्पट, अगदी बरोब्बर. स्लाइडचं पान मोठं केलं की त्याच्याबरोबर अक्षराचा आकडाही वाढतो, पण पडद्यावर पान तेवढंच दिसतं. म्हणजे अठ्ठावीस असं लिहिलेलं अक्षर प्रत्यक्षात चौदाचं होतं. हे चुकून होत नाही. तो आकार कुणीतरी हाताने टाकावा लागतो, आणि तो टाकायचं कारण मला एकच दिसलं. आमची तपासणी पार व्हावी आणि अक्षर मात्र बारीकच राहावं.

लोक अशा लबाड्या करतात. पण त्या करणाऱ्यांत सर असतील असं मला वाटलं नव्हतं.

मी तक्ता मोठा करून वाचायला घेतला. बावीस द्रव्यांची नावं आणि त्यांचे आकडे. सतराव्या ओळीवर थांबले. त्या ओळीतल्या द्रव्याची पकड वर्षभरात निम्म्याहून कमी उरली होती, बहुतेकांपेक्षा वाईट. आणि ते द्रव्य ज्या कंपनीचं होतं तिचा फलक सभागृहाच्या दारावर लागलेला होता. परिषदेची मुख्य प्रायोजक तीच होती.

एकदा संशय मनात शिरला की त्याला पुरावे आपोआप मिळत जातात. दहाच्या सुमाराला त्या कंपनीचा माणूस खोलीत आला, गळ्यात प्रायोजकाची निळी पट्टी, आणि हसत हसत विचारू लागला की सरांची फाइल आली का, जरा बघायला मिळेल का. मी म्हटलं, वक्त्याची फाइल आम्ही कुणाला दाखवत नाही. तो म्हणाला, सरांशी आमचं बोलणं झालंय. काय बोलणं झालंय ते मी विचारलं नाही. तो निघून गेला, पण ते वाक्य माझ्या डोक्यात दिवसभर फिरत राहिलं.

मी वक्त्याच्या नोंदणी फॉर्मवरच्या नंबरवर फोन केला. सरांच्या मुलीने उचलला. ती लहान असताना मी तिला एकदोनदा पाहिलं होतं, आता ती खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती. मी तिला सांगितलं की अक्षर बारीक आहे, स्लाइड बदलाव्या लागतील. ती म्हणाली, "तुमच्या मेलमध्ये अठ्ठावीस लिहिलंय. अठ्ठावीस आहे." मी म्हटलं, पानाचा आकार दुप्पट आहे. ती म्हणाली, "बाबांना ह्या स्लाइड अशाच हव्या आहेत," आणि मीटिंगचं कारण सांगून फोन ठेवला. म्हणजे ते तिला माहीत होतं. दोघांनाही माहीत होतं, असा अर्थ मी लावला.

संयोजकांकडे गेले. ते दिवसभराच्या धावपळीत होते. त्यांचं म्हणणं असं की सर आहेत ते, त्यांना कोण सांगणार, चालवून घ्या. सरांनी एखाद्या संयोजकाचं असलं बोलणं ऐकलं असतं तर त्याची काय गत केली असती ते मला माहीत होतं. मी पुन्हा त्या मुलीला निरोप पाठवला की सभागृहाच्या पडद्यावर तालीम केल्याशिवाय फाइल चढवता येणार नाही, संध्याकाळी पाचला सत्रं संपतील तेव्हा सरांना घेऊन या. असा काही नियम नव्हता. मला त्यांना समोरासमोर विचारायचं होतं.

ते सव्वापाचला आले. केस पूर्ण पांढरे झालेले, पाठ मात्र अजून ताठ. मुलीने त्यांचा हात धरला नव्हता, पण ती त्यांच्या इतकी जवळून चालत होती की कुणालाही त्यामागची काळजी जाणवली असती. मी त्याचा वेगळाच अर्थ लावला. मला वाटलं, सर एकटे सापडू नयेत म्हणून ती पहारा देते आहे. त्यांनी मला ओळखलं की नाही कळलं नाही. "बरं चाललंय ना तुमचं?" एवढं म्हणाले.

सभागृह रिकामं होतं. सफाईवाले पाण्याच्या बाटल्या गोळा करत होते. मी अकरावी स्लाइड पडद्यावर लावली आणि सरांना विनंती केली की शेवटच्या रांगेत जाऊन बसू या. ते म्हणाले, "तुम्ही मला माझाच नियम शिकवणार?" पण आले. आम्ही तिघं मागे जाऊन बसलो. बत्तीस मीटरवर तो तक्ता म्हणजे राखाडी पट्ट्यांचा एक चौकोन होता.

मी घरून वाक्यं ठरवून आले नव्हते. पण जे बोलले ते आजही मला शब्दशः आठवतं. मी म्हटलं, "सर, सतराव्या ओळीतला आकडा इथून कुणालाच दिसणार नाही. आणि तो ज्यांचा आहे त्यांचा फलक बाहेर दारावर आहे."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

"म्हणजे मी विकला गेलो, असं तुमचं म्हणणं."

मी 'नाही' म्हणायला हवं होतं.

"तो आकडा मी उद्या तोंडाने सांगणार आहे," ते म्हणाले. "त्याला अक्षर कशाला लागतं? ते द्रव्य आम्ही..." आणि ते थांबले.

मला वाटलं, राग आवरताहेत. त्यांची नजर पडद्यावर गेली आणि त्या राखाडी चौकोनावरून वरून खाली, खालून वर फिरू लागली. उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर जुळत होती आणि सुटत होती. "ते आम्ही..." असं ते पुन्हा म्हणाले. मुलीने अगदी हळू आवाजात द्रव्याचं नाव सांगितलं. त्यांनी ते नाव उचललं, पुढे दोन शब्द बोलले आणि पुन्हा थांबले. मग उठले आणि म्हणाले, मला पाणी हवं आहे. सफाईवाल्याने एक बंद बाटली आणून दिली. ती हातात घेऊन ते मधल्या वाटेत उभे राहिले, झाकण न उघडता.

मुलगी मला बाहेरच्या व्हरांड्यात घेऊन गेली. काचेतून सर दिसत होते, त्यांच्यावरून तिने नजर हलवली नाही. तिने सांगितलं ते थोडक्यात असं. साताठ महिन्यांपूर्वी एका छोट्या कार्यक्रमात सर बोलता बोलता मध्येच थांबले आणि पुढचं काही आठवेना. लोकांना वाटलं चक्कर आली. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. विषय त्यांना अजून सगळा येतो, पण बोलताना धागा सुटतो, आणि एकदा सुटला की समोर लिहिलेलं असल्याशिवाय सापडत नाही. हे भाषण आपलं शेवटचं असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. कागद हातात धरून वाचायला ते तयार नव्हते, जन्मभर कागद न धरता बोललेला माणूस. म्हणून सगळं भाषण स्लाइडवरच घातलं होतं. त्यांच्यासमोर व्यासपीठावर लॅपटॉप असणार, तो त्यांना जवळून वाचता येतो.

"पान मी मोठं केलं," ती म्हणाली. "तुमचा मेल आला, अठ्ठावीसच्या खाली परत करू म्हणून. बाबांनी तो वाचला आणि म्हणाले, बरोबर आहे, परत केलीच पाहिजे. मग रात्रभर बसून ओळी कापत राहिले आणि सकाळी म्हणाले, मला जमत नाही. म्हणून मी ते केलं. त्यांना ते माहीत नाही."

प्रायोजकाच्या माणसाबद्दल मी विचारलं. तिने कपाळाला आठ्या घातल्या. तो म्हणे चार दिवस मागे लागला होता की शेवटच्या स्लाइडवर कंपनीची खूण टाका, आणि सरांनी त्याला फोनवर चांगलंच सुनावलं आणि पुन्हा फोन करू नका म्हणाले. एवढंच बोलणं झालं होतं.

मला तिथे उभं राहवेना. दिवसभर मी जे जे पुरावे म्हणून गोळा केले होते ते एकेक आठवत होते. पण संशय असा एकदम जात नाही. तिचं बोलणं खरं वाटत असतानाही मनाच्या एका कोपऱ्यात मी विचारत होते की ही सबब तर नसेल. म्हणून मी पुन्हा काचेतून सरांकडे पाहिलं. ते अजून तसेच उभे होते, बाटली हातात, पडद्याकडे बघत. झाकण उघडलेलं नव्हतं. मग मला आणखी काही विचारायचं उरलं नाही.

मी तिला सांगितलं की ह्यावर उपाय आहे, आणि तो मला आधीच सुचायला हवा होता. वक्त्यासमोरच्या लॅपटॉपवर आणि मोठ्या पडद्यावर एकच चित्र असायला हवं असं नाही. प्रत्येक स्लाइडखाली टिपा लिहायची जागा असते. सगळं भाषण त्या टिपांत टाकायचं. दोन पडदे वेगळे जोडले की टिपा फक्त वक्त्याला दिसतात आणि त्यांचं अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. मोठ्या पडद्यावर जाईल ते मागच्या रांगेसाठी. मात्र एका स्लाइडच्या टिपा लॅपटॉपवर एका नजरेत मावल्या पाहिजेत, नाहीतर मध्येच खाली सरकवत बसावं लागतं आणि तिथेच धागा सुटेल. म्हणजे अठराच्या चाळीस-पन्नास स्लाइड होतील, प्रत्येकीवर अगदी थोडं. त्याने काही बिघडत नाही. मोजायला कोण बसतंय.

हे सरांना सांगायचं कसं, हा प्रश्न होता. मुलगी म्हणाली, माझं मी सांगते. पण ती आत जाऊन काही बोलायच्या आधीच सर माझ्याकडे आले आणि म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, इथून काही दिसत नाही. काय करायचं ते सांगा."

आम्ही बाजूच्या खोलीत बसलो. मी आधी पानाचा आकार नेहमीचा केला. सर पाहत होते. आकडा अठ्ठावीसचा चौदा झालेला त्यांनी पाहिला, मग मुलीकडे पाहिलं. मी त्यांची वाक्यं टिपांत हलवत गेले आणि प्रत्येक स्लाइडला विचारत गेले की पडद्यावर काय ठेवू. पुढच्या दोन तासांत मी जे पाहिलं ते मला त्यांच्या तासांतून आठवणारेच सर होते. आठ ओळी ऐकून ते चार शब्द सांगायचे आणि ते चार पुरे असायचे. 'भेग रुंदावते आहे का? आधी पाहा.' एवढंच, छत्तीसच्या अक्षरात. मध्येच आपण कुठल्या स्लाइडवर आहोत ते विसरायचे, तेव्हा मुलगी बोट ठेवायची आणि ते पुढे चालू करायचे. काय ठेवावं हे त्यांना कळत होतं. कुठे आहोत हे तेवढं हरवत होतं.

बावीस ओळींच्या तक्त्यापाशी आल्यावर मी काहीच विचारलं नाही. सर म्हणाले, "पूर्ण तक्ता छापून दारात ठेवा, ज्याला हवा तो घेईल. पडद्यावर पाच ओळी. दोन चांगल्या, दोन बऱ्या, आणि ती सतरावी." मग थोडं थांबून, "तिला चव्वेचाळीस द्या. बाकीच्यांना छत्तीस."

ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. मी चव्वेचाळीस दिलं.

शेवटी मी त्यांना चिकटपट्टीच्या रेघेवर उभं केलं आणि सगळ्या स्लाइड एकामागून एक दाखवल्या. एका स्लाइडवर त्यांना 'ओल' शब्दाची मात्रा वरच्या ओळीला चिकटलेली दिसली, तेव्हा दोन ओळींतलं अंतर वाढवायला लावलं. आठ वाजता ते दोघं रिक्षाने घरी गेले, धायरीला. मी विश्रांतवाडीपर्यंत गाडी चालवताना स्वतःला दूषणं देत होते आणि तरीही मध्येच एक विचार वर येत होता. मी ते बोललेच नसते तर सतरावी ओळ पाचांत आली असती का?

दुसऱ्या दिवशी मी नियंत्रण खोलीत स्वतः बसले. पडदे वेगळे जोडण्याऐवजी चुकून एकच चित्र दोन्हीकडे गेलं असतं तर सरांच्या सगळ्या टिपा चार मीटर उंचीच्या पडद्यावर हजार माणसांना दिसल्या असत्या. मी ती जोडणी सकाळपासून चारदा तपासली. त्या कंपनीचा माणूस पहिल्या रांगेत बसला होता. मुलगी व्यासपीठाच्या पायऱ्यांशी.

सर बोलले चाळीस मिनिटं. वाचताहेत असं मला कळत होतं, कारण मला माहीत होतं. इतरांना एक म्हातारा, सावकाश आणि ठाम बोलणारा माणूस दिसत असावा. दोनदा ते थांबले. पहिल्यांदा खाली पाहिलं आणि पुढे गेले. दुसऱ्यांदा थांबणं लांबलं, सभागृहात कुणीतरी खोकलं, मुलगी अर्धी उठली. पडद्यावर त्या वेळी मोठ्या अक्षरात 'आधी पाणी थांबवा, मग भेग भरा' असं होतं. शेवटच्या रांगांकडून एक सुपरवायझर वाटणारा माणूस मोठ्याने म्हणाला, "सर, पाणी थांबलंय का कसं वळखायचं?" आणि सरांनी वर पाहून, न वाचता, अगदी नीट उत्तर दिलं. त्या उत्तराने धागा परत हातात आला. त्या माणसाने ती ओळ बत्तीस मीटरवरून वाचली होती.

तक्त्याची स्लाइड आली तेव्हा पहिल्या रांगेतल्या माणसाने फोन काढून तिचा फोटो घेतला आणि खाली मान घालून टाइप करत राहिला. दारातले छापील तक्ते जेवणाच्या आधीच संपले.

नंतर सर खोलीत आले. मी माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी हाताने थांबवलं आणि विचारलं की काल मी नेमकी कशावरून शंका घेतली. मी ओळी मोजल्याचं सांगितलं. बावीस बसू शकत नाहीत, तेरा बसतात. ते ऐकून त्यांना बरं वाटलं असं मला दिसलं. "तपासणी सुधारा तुमची," ते म्हणाले. "आकडा बघण्याआधी पान बघा." मुलगी बाजूला उभी राहून भिंतीकडे पाहत होती. त्यांनी तिला त्याबद्दल नंतर काही विचारलं की नाही मला माहीत नाही. जाताना त्यांनी माझ्याकडे चहा मागितला, आणि तो गार असल्याचं मला दोन शब्दांत ऐकवलं.

त्यानंतर मी त्यांना भेटले नाही. मुलीचा एकदा निरोप आला होता, बरे आहेत, बाल्कनीतल्या भेगा मोजत असतात.

एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही. पहिल्या फाइलमध्ये अठराही स्लाइडवर सगळं भाषण लिहिलेलं होतं, आणि अकराव्या स्लाइडवर तक्त्याखाली दोन ओळी होत्या. त्यांत त्या द्रव्याविषयी काय म्हटलं होतं ते मी त्या दिवशी रागाच्या भरात वाचलं नव्हतं, आणि संध्याकाळी पाच ओळींच्या तक्त्यासाठी सरांनी टीप नव्याने सांगितली तेव्हा जुन्या ओळी लाजेपोटी पाहिल्या नाहीत. ते आकडा तोंडाने सांगणार होते की नाही, ते त्या दोन ओळींत असणार. मूळ फाइल माझ्याकडे परिषद संपेपर्यंत होती. आमचा करार असा असतो की शेवटचं सत्र झालं की वक्त्यांच्या सगळ्या फाइल पुसून टाकायच्या. मी ती उघडली, अकराव्या स्लाइडपर्यंत गेले, आणि पान दुप्पट असल्याने ती अक्षरं तशीच बारीक, वाचायची तर मोठी करावी लागली असती. मी ती मोठी केली नाही. फाइल बंद केली आणि पुसली.

बरोबर केलं की नाही, मला सांगता येत नाही. लाजेमुळे केलं की विश्वासामुळे, तेही नाही. मग संयोजकांना खोलीच्या किल्ल्या दिल्या आणि गाडी काढली.